रानाचा नकाशा वाचताना रंगाआधी आकार पाहा

शिरोळ-मिरज पट्ट्यातलं चार एकरांचं उसाचं एक रान डोळ्यांसमोर आणू. ऑक्टोबरअखेरची पूर्वहंगामी लागण, पाच फुटी सरी, ठिबक केलेलं. मार्चच्या मध्यावर ऊस कमरेच्या वर आलाय. बांधावर उभं राहिलं की पुढच्या चार-पाच सऱ्याच नीट दिसतात आणि पलीकडचं सगळं एकसारखं हिरवं वाटतं. त्याच दुपारी ड्रोन फिरवून केलेला नकाशा मात्र वेगळंच दाखवतो. बराचसा भाग हिरवा आहे, पण मधून दोन सरळ पिवळे पट्टे गेलेत. उताराकडच्या कोपऱ्यात एक लाल डाग आहे, त्याची कड हळूहळू नारिंगी होत विरून जाते. पूर्वेच्या बांधालगत नारिंगी किनार आहे. आणि एका ठिकाणी सगळ्या रानात उठून दिसेल असा गर्द हिरवा ठिपका आहे.

हे रान उदाहरणादाखल घेतलंय, पण या चार खुणा उसाच्या पट्ट्यात नेहमी भेटणाऱ्या आहेत. नकाशा पाहणारा बहुधा रंगावर जातो. लाल म्हणजे वाईट, हिरवं म्हणजे चांगलं असं धरतो, आणि लाल दिसलं की युरियाचं पोतं काढतो. असले नकाशे वाचण्याचा सराव असलेला माणूस आधी डागाचा आकार पाहतो, मग रंग. असं का, ते कळायला हा रंग मुळात येतो कुठून, ते पाहायला हवं.

नकाशातला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग ड्रोनच्या कॅमेऱ्याने पाहिलेला नसतो. कॅमेरा पाहतो तो परत आलेला उजेड. पानातलं हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला निळा आणि लाल भाग शोषून घेतं. हिरव्यातला काही भाग परत फिरतो, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. लाल रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश असतो. हरितद्रव्याला तो लागत नाही. निरोगी पानाच्या आत पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्यावर आपटून हा प्रकाश विखुरतो आणि जवळजवळ निम्मा परत बाहेर पडतो. थोडक्यात, जोमदार पीक लाल प्रकाश गिळतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं. हरितद्रव्य कमी झालं की लाल प्रकाश जास्त परत येऊ लागतो. पानं कमी झाली, गळली किंवा वाळली की इन्फ्रारेड घटतो. मोकळी माती या दोन्हींत फारसा फरक करत नाही.

त्यामुळे पिकाच्या पाहणीसाठीच्या ड्रोनवर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वेगवेगळा टिपणारा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा लागतो. गावात फवारणीला येणारा ड्रोन वेगळा. त्यावर टाकी आणि नोझल असतात, हा कॅमेरा नसतो. दोन्ही प्रकाशांच्या मापांवरून प्रत्येक ठिपक्यासाठी एक आकडा काढतात. त्याचं नाव एनडीव्हीआय. 1972 मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला, आणि त्याच्या चित्रांवरून अमेरिकेतल्या गवताळ मैदानांची हिरवाई मोजताना टेक्सासमधल्या संशोधकांनी हा आकडा वापरात आणला. सूत्र आजही तेच आहे:

```
NDVI = (NIR - Red) / (NIR + Red)
```

यात NIR म्हणजे परत आलेला इन्फ्रारेड आणि Red म्हणजे परत आलेला लाल प्रकाश. आपल्या रानातल्या भरलेल्या सरीवरून समजा लाल प्रकाश 4 टक्के आणि इन्फ्रारेड 46 टक्के परत आला. वजाबाकी 42, बेरीज 50, भागाकार 0.84. पिवळ्या पट्ट्यात लाल 10 टक्के आणि इन्फ्रारेड 30 टक्के आला, तर 20 भागिले 40, म्हणजे 0.50. नुसत्या काळ्या मातीवरून 10 आणि 14 टक्के आले तर आकडा 0.17 च्या आसपास येतो. साचलेल्या पाण्यावर तो शून्याच्याही खाली जातो, कारण पाणी इन्फ्रारेड शोषून घेतं.

वजाबाकीला बेरजेने भागायचं ते कशासाठी? पातळ ढग आला आणि दोन्ही प्रकाश समजा निम्म्यावर आले, तर 46 चे 23 होतात आणि 4 चे 2. वजाबाकी 21, बेरीज 25, भागाकार पुन्हा 0.84. उजेडाच्या कमी-जास्तपणाचा परिणाम असा बराचसा कटून जातो. सगळा मात्र जात नाही. म्हणून उडवण्याआधी ठरावीक परावर्तनाच्या करड्या पाटीचा फोटो घेतात. काही ड्रोनच्या माथ्यावर आकाशातून येणारा उजेड मोजणारा सेन्सरही असतो.

इथवर हातात फक्त आकडे आहेत. रंग येतो तो यानंतर, आणि घोटाळाही इथेच होतो. कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं, नाहीतर ते चालवणारा. पुष्कळ वेळा सॉफ्टवेअर त्या रानातला सर्वांत कमी आकडा शोधतं, त्याला लाल देतं, सर्वांत जास्त आकड्याला गर्द हिरवा देतं आणि बाकीचे रंग मधे पसरवतं. वर्गातल्या सगळ्या मुलांना ऐंशीच्या वर गुण मिळाले, तरी शेवटचा नंबर कुणाचा तरी येतोच. तसंच हे आहे. एखाद्या रानात आकडे 0.74 पासून 0.86 पर्यंतच असतील, म्हणजे पीक सगळीकडे उत्तम असेल, तरी असा नकाशा लाल-पिवळा-हिरवा भडक दिसेल. उलट, पट्टी 0 ते 1 अशी ठेवली तर तेच रान सगळं हिरवं दिसेल. दोन्ही नकाशे एकाच उड्डाणाचे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणून नकाशासोबत रंगांची पट्टी आणि तिच्यावरचे आकडे नसतील, तर त्या चित्रावरून काहीही ठरवू नये. दोन तारखांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर दोन्हींची पट्टी एकच हवी. नाहीतर महिन्याभरात रान सुधारलं की फक्त रंगवणी बदलली, हे कळणार नाही.

अमुक आकडा चांगला, तमुक वाईट असंही सरसकट सांगता येत नाही. दीड महिन्याच्या उसात 0.35 हा नेहमीचाच आकडा असू शकतो, कारण सरींमधली बरीच माती उघडी असते. पाच महिन्यांच्या उसात तोच आकडा काळजीचा. खोडवा आणि लागण, दोन वेगळ्या जाती, दहा दिवसांच्या अंतराने केलेल्या लागणी यांचे आकडेही वेगळेच येणार. तुलना करायची ती एकाच रानातल्या, एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पिकाची, आणि मोजपट्टी म्हणून धरायचा तो त्याच रानातला सर्वांत चांगला भाग.

आता आपल्या रानाकडे वळू. पहिली खूण दोन पिवळ्या पट्ट्यांची. हे पट्टे सरळ आहेत, सरीच्या दिशेने गेलेत आणि त्यांची रुंदी एकेका सरीएवढी आहे. रोग किंवा कीड अशी सुतात पसरत नाही, आणि मातीचा दोषही सरी पाहून येत नाही. इतकी सरळ रेघ दिसली की माणसाच्या किंवा यंत्राच्या कामाकडे पाहावं: ठिबकची नळी, खत टाकणारं अवजार, फवारणीत सुटलेला पट्टा. नकाशा मोठा करून पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. सबमेनच्या बाजूला हे पट्टे हिरवेच आहेत आणि शेवटाकडे जाता जाता पिवळे होत गेलेत. तोंडाशी नळी बंद असती तर पट्टा पहिल्यापासूनच पिवळा असता. इथे पाणी शिरतंय, पण शेवटापर्यंत पुरेसं पोचत नाही. लॅटरलच्या टोकाकडे पाण्याचा वेग कमी होतो, गाळ तिथे बसतो आणि शेवटचे ड्रिपर आधी तुंबतात.

हा झाला अंदाज. खात्री रानात जाऊन करायची, आणि त्याला एक मापाचं भांडं पुरतं. ड्रिपर ताशी 4 लिटरचा असेल तर तीन मिनिटांत 200 मिलिलिटर पाणी पडायला हवं. पट्ट्यातल्या सरीत सबमेनजवळच्या ड्रिपरखाली भांडं धरलं तर समजा 190 मिलिलिटर भरलं, शेवटच्या ड्रिपरखाली 70, आणि शेजारच्या हिरव्या सरीत शेवटालाही 180. मग शंका उरत नाही. नळीचं टोक उघडून गढूळ पाणी जाऊ द्यायचं, फिल्टर पाहायचा, आणि क्षार चिकटून ड्रिपर बसले असतील तर आम्लप्रक्रिया करायची. इथे युरिया टाकून काही साधलं नसतं. पाणीच पोचत नाही तिथे खत कसं पोचणार?

दुसरी खूण उताराकडच्या लाल डागाची. त्याची कड सरळ नाही, स्पष्टही नाही. लाल, नारिंगी, पिवळा करत तो हिरव्यात मिसळतो. अशी विरत जाणारी कड बहुतेक वेळा माती आणि पाण्याकडे बोट दाखवते, कारण जमिनीतला ओलावा आणि क्षार एका रेषेवर थांबत नाहीत. शिवाय डाग सखल भागात आहे. कृष्णेच्या या खोऱ्यात काळी भारी जमीन, वर्षानुवर्षं दिलेलं भरपूर पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे पुष्कळ रानं क्षारपड झाली आहेत. त्यामुळे पहिला संशय तिकडेच जातो.

डागात उतरून पाहिलं तर उसात तूट दिसते. बेणं उगवलंच नाही किंवा कोंब जळून गेले. माती सुकलेली असेल तर वर पांढरा थर दिसतो. आता 0.30 हा आकडा या जागेबद्दल नेमकं काय सांगतो, हे समजून घ्यायला हवं. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: उरलेला ऊस पिवळा पडलाय, आणि तुटीमुळे मधली माती उघडी पडलीय. ड्रोन 60 ते 100 मीटरवरून उडाला तर एक ठिपका साधारण तीन ते पाच सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे पान आणि माती वेगळी ओळखता येते. पण फाइल हलकी करण्यासाठी नकाशा मोठ्या ठिपक्यांचा केला की पानाचा आणि मातीचा आकडा एकत्र होतो. मग विरळ पण निरोगी ऊस आणि दाट पण आजारी ऊस नकाशावर सारखेच दिसू शकतात. अशा जागी मूळ फोटो उघडून पाहावा.

जमीन खारवट आहे की चोपण, हे मात्र कोणताही कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी मातीचा नमुना काढावा लागतो, आणि इथे नकाशाचा खरा उपयोग होतो. एरवी चार एकरांतून ठिकठिकाणची माती गोळा करून एकच नमुना केला जातो आणि अहवालात सरासरी येते, तिच्यात या कोपऱ्याचा दोष बुडून जातो. नकाशा हाताशी असेल तर लाल भागातून एक, नारिंगी कडेतून एक आणि हिरव्या भागातून एक असे तीन वेगळे नमुने काढता येतात. क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू 8.5 च्या खाली असेल, तर जमीन खारवट. तिला निचरा काढून क्षार धुऊन काढावे लागतात. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल, तर ती चोपणाकडे झुकलेली. तिथे निचऱ्याच्या जोडीला जिप्समही लागतं. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. लाल रंग दोन्हीकडे सारखाच असतो.

तिसरी खूण पूर्वेच्या बांधालगतच्या नारिंगी किनारीची. बांधावर बाभळी आणि लिंब आहेत. आता प्रश्न असा, की ही झाडांची सावली आहे की झाडांच्या मुळांनी उसाचं पाणी ओढलंय? उड्डाण सकाळी साडेआठला झालं असतं, तर सावली पश्चिमेला, म्हणजे रानावरच पडली असती. सावलीत पोचतो तो आकाशातून विखुरलेला उजेड. त्यात इन्फ्रारेडचा वाटा कमी असतो, त्यामुळे बेरीज-वजाबाकीचा हिशेब तिथे बिघडतो आणि निरोगी पीकही अशक्त दिसू शकतं. पण आपलं उड्डाण साडेबाराचं आहे, सूर्य माथ्याजवळ होता आणि सावल्या झाडांखालीच होत्या. तेव्हा किनार खरी आहे, ऊस तिथे खरोखरच मागे पडलाय. उड्डाणाची वेळ नकाशावर लिहिलेली नसती, तर हा निवाडा करता आला नसता.

चौथी खूण गर्द हिरव्या ठिपक्याची. पाहणारा इथे खूश होतो आणि पुढे जातो, पण तपासायची पहिली जागा हीच असावी. कॅमेऱ्याला ऊस आणि तण यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त हिरवं पान कळतं. सरींमधली माती हरळीने किंवा लव्हाळ्याने झाकून टाकली असेल, तर त्या जागेचा आकडा निर्मळ रानापेक्षा जास्त येतो. मूळ फोटोत सरीच्या रेघा दिसतात का ते पाहावं. आजूबाजूला रेघा स्पष्ट आणि या ठिपक्यात मात्र सगळं एकजीव हिरवं असेल, तर खुरपं घेऊन जाण्याची जागा सापडली. रेघा दिसत असतील आणि ऊसच दाट असेल, तर एकेकाळी तिथे उकिरडा होता का, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारावं.

या रानात नसलेला पण नेहमी दिसणारा आणखी एक आकार म्हणजे विखुरलेले, साधारण गोल डाग. पावसाळ्याच्या उत्तरार्धात असे डाग उठले आणि आठवड्या-पंधरवड्यात ते मोठे होत गेले, तर हुमणीचा संशय घ्यावा. डागाच्या कडेचं बेट हाताने ओढून पाहायचं. मुळं खाल्लेली असतील तर ते सहज उपटून येतं, आणि खाली माती उकरली की इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतात. डागाचा मध्य वाळलेला असतो, अळ्या शोधायच्या त्या कडेला, जिथे त्या आता खात असतात.

सरळ रेघेचंही सगळंच पिकाबद्दल नसतं. एखादी रेघ सरीला न जुमानता तिरपी जात असेल, बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानातही तशीच पुढे गेली असेल, तर दोष पिकात नाही, उड्डाणात आहे. ड्रोन रानावरून नांगराच्या तासासारखा जात-येत शेकडो फोटो काढतो आणि ते नंतर जोडले जातात. अर्ध्या कामात ढग आला तर ढगाआधीचे आणि नंतरचे फोटो जिथे जुळतात तिथे रंगांची सीमा उमटते. पिकाला शेजाऱ्याचा बांध कळतो, ढगाला कळत नाही.

या आकड्याच्या दोन मर्यादा उसवाल्यांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की पाला दाटून सरी झाकल्या की एनडीव्हीआय वर सरकायचा जवळजवळ थांबतो. पानांचे थर वाढत गेले तरी लाल प्रकाश वरच्या थरातच संपलेला असतो, त्यामुळे साधारण आणि उत्तम उसाचे आकडे एकमेकांना चिकटतात. अशा वयात लाल आणि इन्फ्रारेड यांच्या सीमेवरचा, रेड एज म्हणतात तो प्रकाश वापरून काढलेला एनडीआरई हा आकडा जास्त उपयोगी पडतो. तो प्रकाश पाल्यात आणखी खोल शिरतो आणि हरितद्रव्यातला फरक दाखवतो. दुसरी मर्यादा वेळेची. पाण्याचा ताण पडला की झाड आधी पानांची रंध्रं मिटतं, पान तापतं, आणि पिवळं पडतं ते पुष्कळ नंतर. तापलेलं पान थर्मल कॅमेऱ्याला दिसतं. एनडीव्हीआय पडलेला दिसतो तोवर नुकसान सुरू झालेलं असतं.

नकाशा करून देणाऱ्याला म्हणून चार गोष्टी विचाराव्यात. कॅमेऱ्यात इन्फ्रारेड होता का? साध्या कॅमेऱ्याच्या फोटोंवरूनही हिरवाईचा नकाशा करता येतो, पण तो वारी नावाचा वेगळा आकडा असतो आणि एनडीव्हीआयच्या नावाखाली तो खपवला जाऊ नये. उड्डाणाची तारीख आणि वेळ कोणती? करड्या पाटीचा फोटो घेतला होता का? आणि रंगपट्टीवर आकडे कुठून कुठपर्यंत आहेत? या प्रश्नांची उत्तरं नकाशासोबत लेखी मागावीत, कारण पुढच्या उड्डाणाशी तुलना करताना तीच लागतात.

आपल्या चार एकरांचा हिशेब असा निघतो. दोन पट्ट्यांना नळ्यांची सफाई, कोपऱ्याला माती परीक्षण आणि मग निचरा, झाडांकडच्या सऱ्यांसाठी बांधालगत मुळं तोडणारा चर, आणि हिरव्या ठिपक्याला भांगलण. चार खुणांपैकी एकीवरही जास्तीचं खत हा उपाय नव्हता. नळ्या साफ केल्यावर तीन-चार आठवड्यांनी, त्याच वेळेला, त्याच पट्टीवर पुन्हा नकाशा करावा. पिवळे पट्टे हिरव्याकडे सरकले असतील तर निदान बरोबर होतं. नसतील, तर त्या सऱ्यांमध्ये पुन्हा उतरून मुळापाशी उकरून पाहावं लागेल.